उधारीची वही आणि प्रभूची प्रार्थना

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात माझं किराणा दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच समोरची खोली. तेल, साखर, बिस्किटं, साबण, पोट्ट्यांच्या गोळ्या आणि एक जाड लाल वही. पेरणीच्या वेळी लोक उधार नेतात आणि कापूस विकल्यावर आणून देतात. कापसाला भाव नसला की देत नाहीत. ही वही नसती तर मी येशूची प्रार्थना आठवडाभरात पाठ करून मोकळी झाली असती. त्या वहीनेच मला एका ओळीवर अडकवून ठेवलं.

दोन वर्षांपासून मी गावातल्या प्रार्थनेला जाते. आमच्यात चर्चची इमारत नाही, सिस्टरबाईंच्या ओसरीवर बुधवारी आणि रविवारी बसतो. सिस्टरबाई मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. माझं बाळंतपण त्यांनीच केलं होतं, त्यामुळे त्यांच्यासमोर लाज वाटण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यांचे मालक यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेले. ती सेमिनरी 1983 साली पुण्याला गेली. मालक आता नाहीत, पण त्यांची पुस्तकं आहेत, आणि पानापानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा आहेत. बाई चष्मा लावून त्या वाचतात आणि मग आमच्या भाषेत सांगतात.

सगळे एका सुरात प्रार्थना म्हणत तेव्हा मी नुसते ओठ हलवायची. एक दिवस म्हटलं, "बाई, मले हे नीट शिकवा. पाठ करतो मी." त्या म्हणाल्या, "पाठ तं पोपटही करते. रविवारी जेवण झाल्यावर येत जाय. एका दिवशी एकच ओळ."

हे गृहपाठासारखं वाटलं. त्यातून अर्ध्या मिनिटात संपणारी प्रार्थना. पण येशूने ती शिकवली तीच मुळी लांबलचक बडबडीच्या विरोधात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातून वाचून दाखवलं. पुष्कळ बोललं म्हणजे देव ऐकतो असं समजू नका, तुम्ही मागण्याआधीच तुमच्या बापाला तुमची गरज माहीत आहे, असं सांगून मग तो म्हणतो, तुम्ही अशी प्रार्थना करा. हीच प्रार्थना लूकच्या अकराव्या अध्यायातही आहे, पण तिथे ती आखूड आहे. तिथे शिष्यच येऊन म्हणतात की बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने त्याच्या शिष्यांना शिकवली तशी आम्हालाही शिकव. एकच प्रार्थना दोन ठिकाणी, थोडी वेगळी. हे मी तेव्हा कानाआड केलं. पुढे त्याच फरकाने मला वाचवलं.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या." बाईंनी विचारलं, यात 'माझ्या' कुठे आहे? नाही. अख्ख्या प्रार्थनेत 'मी' एकदाही येत नाही. एकटी बसून म्हटली तरी 'आम्ही'च. आणि ते 'आपण'ही नाही, कारण ज्याच्याशी बोलतोय तो आपल्या रांगेत बसलेला नाही, समोर आहे. मराठीत हा फरक आपोआप कळतो, आपण तो लक्षात घेत नाही एवढंच. मग बापाचा शब्द. येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्यात बापाला 'अब्बा' म्हणत, आणि मार्कच्या चौदाव्या अध्यायात तो तसाच ठेवलेला आहे. मी लगेच म्हणाले, म्हणजे आपलं 'बाप्पा'! बाई हसल्या, पण टीप वाचून दाखवली की हा फक्त तान्ह्या लेकराचा बोबडा शब्द नाही, मोठी झालेली मुलंही बापाला तसंच म्हणत. जवळीक आहे, पण लाडीगोडी नाही. माझा सासरा दारात उभा राहिला की माझा नवरा विडी विझवतो आणि तरीही त्याला 'तू' म्हणतो. तसं काहीतरी, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं.

"तुझे नाव पवित्र मानले जावो." मला ही स्तुती वाटायची, आरतीच्या पहिल्या कडव्यासारखी. पण 'मानले जावो' हे मागणं आहे. बाईंनी यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातला छत्तिसावा अध्याय काढला. तिथे देव म्हणतो की तुमच्या वागण्याने माझ्या नावाला इतर लोकांत बट्टा लागला. पोरगा दारू पिऊन रस्त्यात पडला की लोक त्याचं नाव घेत नाहीत, 'अमक्याचा पोरगा' म्हणतात. म्हणजे या ओळीत आपण मागतो की आमच्यामुळे तुझं नाव खराब होऊ नये. त्या आठवड्यात मी तराजूचा काटा दोनदा तपासला, हे खरं सांगते.

"तुझे राज्य येवो." इथे फार थांबलो नाही. राज्य म्हणजे जागा नाही, सत्ता. आणि ही प्रार्थना शिकवली तेव्हा तिथे रोमी लोकांचा अंमल होता, गालीलात त्यांच्या मेहरबानीवर हेरोद अंतिपा बसलेला. दुसऱ्याचं राज्य येवो असं म्हणणं तेव्हा साधं नव्हतं.

"जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." या ओळीवर मात्र आमचं भांडण झालं. आमच्याकडे गारपीट झाली, बोंडअळी आली, कोणी झाडाला लटकला, की लोक म्हणतात, देवाची मर्जी. मला ही ओळ तशीच वाटली, हात टेकलेली. बाई जराशा चिडल्याच. "सगळं त्याच्याच मर्जीनं होऊन राह्यलं असतं तं 'होवो' म्हणाले कायले लावलं असतं वं?" त्यांचं म्हणणं असं की ही ओळ उलट कबूल करते की पृथ्वीवर त्याच्या इच्छेप्रमाणे होत नाही. म्हणून मागायचं. मग मी म्हटलं, पण येशूनेही मरणाआधी बागेत हेच शब्द म्हटले ना? हो, मत्तयच्या सव्विसाव्यात. पण त्याने आधी, हा प्याला टळू दे, असं मागितलं. मागायचंच नाही असं त्यानेही केलं नाही. गारपिटीचं कोडं मला अजून सुटलेलं नाही, पण 'देवाची मर्जी' हे वाक्य मी मयतीच्या घरी आता बोलत नाही.

चौथ्या रविवारी भाकर आली, आणि तिथे मला वाटलं की हे माझ्या दुकानातलंच बोलणं आहे. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." बाई म्हणाल्या की यातला 'रोजची' हा शब्द म्हणजे मोठा घोळ आहे. मूळ ग्रीक पुस्तकात तिथे 'एपिऊसिओस' असा शब्द आहे, आणि तो दुसरीकडे कुठे जवळजवळ सापडतच नाही. तिसऱ्या शतकातला ओरिजेन नावाचा पंडित, ज्याची स्वतःची भाषाच ग्रीक, त्याने लिहून ठेवलं की हा शब्द ना विद्वानांच्या लिखाणात आहे ना लोकांच्या तोंडी, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवला असावा. पुढे जेरोमने लॅटिन भाषांतर करताना लूकमध्ये 'रोजची' असं लिहिलं आणि मत्तयमध्ये 'साध्या भाकरीपलीकडची' अशा अर्थाचा शब्द घातला. एकाच माणसाने, एकाच शब्दासाठी! काही म्हणतात 'आजच्यापुरती', काही 'जगायला लागेल तेवढी', काही 'येणाऱ्या दिवसाची'.

मला हा शेवटचा अर्थ लगेच पटला. निंदणाच्या दिवसांत संध्याकाळी बाया मजुरी घेऊन थेट दुकानात येतात. दहाची साखर, वीसचं तेल, अर्धा किलो ज्वारीचं पीठ. त्या आजचं सामान नेत नाहीत, उद्या सकाळी डब्यात न्यायच्या भाकरीचं नेतात. मजुरी बुडाली तर उपास आज नाही, उद्या पडतो. म्हणून 'उद्याची भाकर आज दे' हे मागणं मला वेडंवाकडं वाटलं नाही. पण तेवढंच. परवाची नाही. बाईंनी निर्गमाच्या पुस्तकातल्या सोळाव्या अध्यायातला मान्ना, म्हणजे देवाने धाडलेलं खाणं, सांगितला. रानात इस्राएल लोकांनी रोज लागेल तेवढाच वेचायचा, ज्यांनी जास्तीचा ठेवला त्यात किडे पडले. मी म्हटलं, मग माझ्या दुकानातल्या पोत्यांचं काय? त्या म्हणाल्या, पोती भरून ठेवणं पाप नाही, पण भाकर 'आमची' आहे, 'माझी' नाही, हे विसरू नको. मला वाटलं विषय संपला. तो पुढच्या ओळीत निघणार होता.

ती ओळ मी बाईंकडे जायच्या आधीच पाठ केली होती आणि उलटी समजले होते. "आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." ऋणी हा शब्द मी फक्त आभाराच्या भाषणात ऐकलेला. 'मी आपला ऋणी आहे.' आमच्या घरी बोलताना कर्ज म्हणतात, उधारी म्हणतात, ऋण कोणी म्हणत नाही. त्यामुळे 'आपल्या ऋण्यांस' म्हणजे ज्यांचं आपल्याला देणं आहे ते, असं मी धरून चालले होते. म्हणजे बँक, सावकार, कृषी केंद्रवाला. त्यांना आपण काय सोडणार? मला वाटलं, त्यांच्याबद्दलचा राग सोडायचा असेल. बरं वाटलं, कारण तो मी सोडू शकत होते.

बाईंनी डोक्याला हात लावला. "उलटं वं माय! ऋणी म्हंजे ज्याच्याकडे तुयं निंघते तो."

ज्यांच्याकडे माझं निघतं त्यांची तर अख्खी वहीच आहे. मी म्हटलं, बाई, हे पापाबद्दल असेल ना, पैशाबद्दल कशाला? कॅथलिक मंडळी 'अपराधांची क्षमा' म्हणतात, मी यवतमाळला ऐकलं आहे. त्यांनी मान्य केलं की मुद्दा पापाचाच आहे. अरामी भाषेत 'होबा' हा एकच शब्द कर्जालाही चालायचा आणि पापालाही. लूकने पहिल्या अर्ध्यात सरळ 'पापं' लिहिलं, पण दुसऱ्या अर्ध्यात त्याच्याकडेही 'आमचा प्रत्येक ऋणी' आलाच आहे. मत्तयने दोन्हीकडे कर्जाचाच शब्द ठेवला, 'ओफेइलेमा', जे देणं लागतं ते. "पाप म्हटलं की ते हवेत राह्यते," बाई म्हणाल्या, "ऋण म्हटलं की समोर माणूस उभा राह्यते."

माझ्यासमोर माझा चुलत दीर उभा राहिला. वहीत त्याचं वेगळं पान आहे. अकरा हजार तीनशे चाळीस. दोन हंगामांचं. त्याने त्या वर्षी कापूस विकला, मोटारसायकल घेतली आणि दुसऱ्या गावातून किराणा आणायला लागला. माझ्या नवऱ्याशी बोलणं बंद. मी त्याच्या पोरांच्या हाती निरोप पाठवायची, मुद्दाम चार लोकांत. तेही एक प्रकारचं व्याजच होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मग बाईंनी मत्तयचा अठरावा अध्याय उघडला. एका राजाचा चाकर, त्याच्यावर दहा हजार तालांतांचं कर्ज. तो पाया पडतो, राजा सगळं सोडतो. तो बाहेर येतो आणि शंभर दीनार देणं असलेल्या सोबतच्या चाकराचा गळा धरतो. मी विचारलं, तालांत म्हणजे किती? मालकांच्या टिपेत होतं, एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. आणि दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस, ते विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या गोष्टीत आहे. दुकानदार बाईला आणखी काय पाहिजे? मी मोबाइलवर हिशोब केला. दहा हजार गुणिले सहा हजार, सहा कोटी दिवसांची मजुरी. आमच्याकडे तेव्हा बाईला दिवसाला तीनशे मिळत होते. अठराशे कोटी रुपये. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी फेडायला दोन लाख वर्षं. आणि तो चाकर राजाला म्हणतो काय, मला थोडी सवलत द्या, मी सगळं फेडीन! मला हसू आलं. असं म्हणणारे माझ्या दुकानात रोज येतात.

मग शंभर दीनार. शंभर दिवस, तीस हजार रुपये. इथे मला हसू आलं नाही. तीस हजार म्हणजे खोटी रक्कम नव्हे. बुडाली तर दुखतंच. येशूने दुसऱ्याचं कर्ज फुटकळ दाखवलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती, त्याने तसं केलं नाही. माझे अकरा हजार तीनशे चाळीस त्या हिशोबात अडतीस दिवसांचे होतात.

"म्हंजे आधी मी सोडायचं, मग देव सोडते?" मी विचारलं. हा सौदा मला समजला असता. पण बाईंनी गोष्टीतला क्रम दाखवला. राजाने आधी सोडलं. चाकर चुकला तो त्यानंतर. तरीही प्रार्थनेनंतर लगेच, चौदाव्या आणि पंधराव्या वचनात, येशू एवढ्या एकाच ओळीकडे परत येतो आणि बजावतो की तुम्ही क्षमा केली नाही तर तुमचा बापही करणार नाही. बाकी कोणत्याही ओळीवर तो असं परत आलेला नाही. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते बाईंनी गोड करून सांगितलं नाही. म्हणाल्या, मूठ झाकलेली असली तं तिच्यात कोणाले काही देता येत नाही. एवढंच.

मी स्पष्टच विचारलं, मग पान फाडू का? त्यांचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं. फाडू नको म्हणाल्या. सोडणं म्हणजे घेतलंच नव्हतं असं म्हणणं नाही. आकडा लिहिलेला असेल तरच तो खोडता येतो. आणि खोडला म्हणून त्याला पुन्हा उधार द्यायलाच पाहिजे असंही नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर आणि परत जा' म्हणणाऱ्या लोकांवर बाईंचा फार राग आहे, नर्स असताना त्यांनी अशा बाया पाहिल्या आहेत. "सोडजो, पण आंधळी होऊ नको." शिवाय या ओळीचा कर्जमाफीशी गोंधळ करायचा नाही. सरकारी माफी आली तर घ्यावी, बँकेचं देणं असेल तर द्यावं. या प्रार्थनेत मी धनकोच्या जागी बसलेली आहे, हे विसरायचं नाही.

त्या रविवारी मी वही काढली आणि पेन उचललं. खोडता आलं नाही. निरोप पाठवणं मात्र मी थांबवलं.

त्यापुढच्या ओळी दोन रविवारांत झाल्या. "आम्हांला परीक्षेत आणू नकोस, तर आम्हांला वाइटापासून सोडव." माझी मुलगी तेव्हा दहावीला होती, तिला ही ओळ फार आवडली. मूळ शब्दात पारखणं आणि भुलवणं दोन्ही आहे. देव स्वतः कोणाला पापात ओढतो का? याकोबाच्या पत्रात साफ लिहिलं आहे की नाही. म्हणूनच इटलीत कॅथलिकांनी पोप फ्रान्सिसच्या काळात ही ओळ बदलून 'आम्हाला परीक्षेत एकटं टाकू नकोस' अशा अर्थाची केली. मला आपलं 'परीक्षा'च बरं वाटतं, कारण माझी परीक्षा कोणी भुलवून घेतली नव्हती, ती लाल वहीत लिहिलेली होती. 'वाइटापासून' म्हणजे वाईट गोष्टींपासून की त्या दुष्टापासून, म्हणजे सैतानापासून, दोन्ही वाचता येतं. बाई दुसरं धरतात. मी अजून ठरवलेलं नाही.

शेवटचं "कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत" हे लूकमध्ये नाहीच, आणि मत्तयच्या सगळ्यात जुन्या, चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांतही नाही. मला धक्का बसला, एवढी सुंदर ओळ! पण पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांचं 'दिदाखे' नावाचं एक छोटं पुस्तक आहे, त्यात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलं आहे आणि शेवटी सामर्थ्य आणि गौरव आहेतच. म्हणजे म्हणणाऱ्यांनी ती फार लवकर जोडली. आरती संपल्यावर हात आपोआप जोडले जातात, तसं.

प्रार्थना पाठ झाली, अर्थ कळला, आणि बुधवारी ओसरीवर सगळ्यांबरोबर म्हणताना त्या ओळीवर माझा आवाज बंद पडला. 'सोडले आहे' म्हणणार कशी? मी तर सोडलं नव्हतं. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. सिस्टरबाईंच्या लक्षात आलं. सगळे गेल्यावर त्यांनी मालकांचं पुस्तक उघडलं आणि एका टिपेवर बोट ठेवलं. मत्तयच्या जुन्या हस्तलिखितांत क्रियापद झालेल्या गोष्टीचं आहे, 'सोडलं आहे'. लूकमध्ये चालू गोष्टीचं आहे, 'सोडतो'. "तोवर तू लूकचं म्हणत जाय," त्या म्हणाल्या.

आता सगळे 'सोडले आहे' म्हणतात तेव्हा मी हळूच 'सोडतो' म्हणते. आवाज एक मात्रा मागे पडतो. परवा शेजारच्या म्हातारीने कोपर मारून मला सांगितलं की बाई, तुझं चुकते.